नावातच शेवट सांगितला तर बघायला कोण येणार?



आमच्या कोपरचा एक मित्र दोन वर्षं सुट्ट्या टाकून बारवांवर माहितीपट बनवतोय. बारव म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येतं अशी बांधीव विहीर. सिनेमा झाला, नाव होईना. प्रवेशिकेची तारीख जवळ आली तसा वैतागून म्हणाला, "'हरवलेल्या बारवा' टाकतो, विषय संपला."

मी म्हटलं, अरे, विषयच संपला ना! लोक नाव वाचतील, 'अरेरे' म्हणतील आणि पुढे सरकतील.

त्यात ते खोटंही आहे. त्याच्या सिनेमात तीन बारवा आहेत. पहिली साताऱ्याजवळच्या लिंबची, बारा मोटेची. वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ मध्ये बांधलेली. ती धडधाकट आहे, रविवारी तर फोटोसाठी रांग असते. दुसरी परभणीतल्या सेलू तालुक्यातल्या वालूरची. तिच्या पायऱ्या गोल फिरत खाली जातात. ती गाळ-दगडांनी बुजली होती, गावकऱ्यांनी २०२१ मध्ये श्रमदानाने उपसली. तिसरी आपल्या जिल्ह्यातली. तिचं पुढे काय झालं, हाच सिनेमाचा शेवट. तो इथेही सांगत नाही, मित्र मारेल.

म्हणजे एक टिकली, एक वर आली आणि तिसरीची धाकधूक. 'हरवलेल्या' म्हटलं की धाकधूक गेली. मग त्याने उलटं टोक पकडलं, 'पुन्हा पाणी'. ते ऐकून बघणारा निवांत होतो, चला, कुणीतरी केलं बुवा काम. 'शेवटची', 'उरलेली', 'पुन्हा', 'अखेर' हे शब्द चोरटे असतात. काय घडलं ते सांगून टाकतात, आणि आपल्याला वाटतं नाव भारी झालं.

व्हिक्टोरिया लॉटमन या अमेरिकन पत्रकार बाईंचं २०१७ चं पुस्तक आहे, 'द व्हॅनिशिंग स्टेपवेल्स ऑफ इंडिया'. पुस्तकाला हे नाव चालतं. ते आपण मधूनच उघडतो, फोटो बघतो. मॉर्ना लिव्हिंग्स्टन यांच्या आधीच्या पुस्तकाचं नाव 'स्टेप्स टू वॉटर'. त्यात नुसत्या पाण्याकडे जाणाऱ्या पायऱ्या आहेत, पाणी आहे की नाही ते नाव बोलत नाही. सिनेमा पहिल्या मिनिटापासून शेवटापर्यंत ओळीने बघायचा असतो, म्हणून आम्हाला ही दुसरी तऱ्हा जवळची वाटली.

मग आम्ही कच्चं फुटेज पुन्हा बघितलं. एक गोष्ट लक्षात आली. तिन्ही ठिकाणी कुणी ना कुणी तेच विचारतं, पायऱ्या किती? आणि उत्तर दरवेळी वेगळं. पावसाळ्यानंतर पाणी वर येतं, पायऱ्या कमी दिसतात. मे महिन्यात जास्त. बारव बुजलेली असेल तर गाळाखाली किती गेल्या, उपसल्याशिवाय सांगताच येत नाही. तिसऱ्या बारवेवर एक आजी एक आकडा सांगतात, त्यांचा मुलगा दुसराच.

नाव मिळालं, 'किती पायऱ्या?'

'अजून किती पायऱ्या?' असंही सुचलं होतं. पण 'अजून' म्हटलं की दमलेला माणूस डोळ्यासमोर येतो. काढला तो शब्द.

आता परीक्षा. सिनेमाबद्दल काही न सांगता फक्त नाव सांगायचं आणि विचारायचं, "शेवटी काय होत असेल?" अचूक सांगितलं तर नाव नापास. काहीच सुचलं नाही तरी नापास. चुकीचा पण उत्सुक अंदाज आला तर पास. ही परीक्षा आम्ही कुठे घेतली? आमच्याच स्टेशनवर, खालच्या कोपरवरून वसई लाइनच्या वरच्या कोपरला चढताना! पहिलेच काका धापा टाकत म्हणाले, "लिफ्टसाठी आंदोलन करताय का? सही कुठे करू?"

हसलो, पण दोष खरा होता. नाव शेवट लपवत होतं, सोबत विषयही लपवत होतं. मग नाव तसंच ठेवून खाली बारीक अक्षरात ओळ घातली, 'तीन बारवांची गोष्ट'. बारव हा शब्द आपल्याकडे अनेकांना ठाऊक नाही, म्हणून पोस्टरवर पायऱ्यांचा फोटो हवाच. पण कुठला? मित्राने आधी तिसऱ्या बारवेचा आजचा फोटो लावला होता. नावात झाकलेलं सगळं फोटोत उघडं! आता तिथे लिंबच्या पायऱ्या आहेत, वरून खाली बघताना, तळ न दिसणाऱ्या.

एक गोष्ट मात्र मला खुपतेय. तिसऱ्या गावातले लोकही हा सिनेमा बघणार. त्यांना शेवट आधीच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी या नावात कसली उत्सुकता? हे मी मित्राला विचारलं. तो म्हणाला, "त्या आजींना नाव सांगितलं. त्यांनी परत आकडा सांगितला. मुलगा शेजारीच होता, तो म्हणाला, नाही गं आई."

फॉर्मवर तेच नाव भरलंय. तुमच्या गावात बारव असेल तर कमेंटमध्ये पायऱ्या किती ते सांगा. मोजून सांगा हं, आठवून नको.