तळ आणि चार भिंती

बारावीच्या एनसीईआरटीच्या गणिताच्या पुस्तकात पत्र्याच्या डब्याचं एक उदाहरण आहे. ४५ सेंमी लांब आणि २४ सेंमी रुंद पत्रा घ्यायचा, त्याच्या चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापून टाकायचे, उरलेल्या चार पट्ट्या वर दुमडायच्या आणि बिनझाकणाचा डबा करायचा. चौरसाची बाजू किती ठेवली म्हणजे डब्यात सर्वांत जास्त मावेल? मी कॉलेजात कॅल्क्युलस शिकवते. परीक्षेत चार मार्क मिळवून देणारं हे गणित मला त्याहून फार मोठं वाटतं, कारण त्याचं उत्तर नुसतं काढता येत नाही, डोळ्यांनी बघताही येतं.

चौरस अगदी लहान कापला तर तळ ऐसपैस मिळतो, पण भिंती इतक्या बुटक्या की हाती येतं ते ताट. चौरस मोठा करत बारा सेंमीच्या जवळ नेला तर भिंती उंच होतात, पण तळाची नुसती चिंचोळी फट उरते. दोन्ही टोकांना घनफळ शून्याकडे जातं, म्हणजे मधे कुठेतरी ते सर्वांत जास्त असणार. ३ सेंमीचे चौरस कापले तर २१०६ घन सेंमी मावतं, ८ सेंमीचे कापले तर १८५६.

चौरसाची बाजू क्ष मानली तर डब्याची उंची क्ष, लांबी ४५ − २क्ष आणि रुंदी २४ − २क्ष. तिन्हींचा गुणाकार म्हणजे घनफळ. त्याचं अवकलन करून शून्याशी मांडलं आणि १२ ने भाग दिला की क्ष² − २३क्ष + ९० = ० असं सुटसुटीत वर्गसमीकरण मिळतं. त्याची उत्तरं ५ आणि १८. पत्रा २४ सेंमी रुंद, त्यातून १८-१८ सेंमीचे दोन चौरस शेजारी शेजारी निघणारच नाहीत, म्हणून १८ बाद. डबा ३५ × १४ × ५ सेंमीचा, घनफळ २४५० घन सेंमी.

क्ष शून्य ते बाराच्या मधेच हवा, ही अट मुलं पुष्कळदा उपचार म्हणून लिहितात. त्यांना मी सूत्रात क्ष = २४.५ घालायला सांगते. लांबी येते उणे ४, रुंदी उणे २५. दोन उण्यांचा गुणाकार अधिक, आणि घनफळ येतं बरोबर २४५०! पत्र्याच्या रुंदीपेक्षाही मोठे चौरस कापून तितकाच मोठा डबा. सूत्राला पत्रा दिसत नाही, तो आपण बघायचा असतो.

इथवर पुस्तक नेतं. पण नेमके ५ च का? ४ नाही, ६ नाही, ते का? हे समजायचं असेल तर समीकरण सोडवण्याआधी अवकलन कशाचं झालं ते पाहावं. कापायचा चौरस एक मिलिमीटरने वाढवला की दोन गोष्टी होतात. भिंती एक मिलिमीटरने उंच होतात, म्हणजे तळाएवढा एक पातळ थर वर मिळतो. आणि चारही भिंती एकेक मिलिमीटर आत सरकतात, म्हणजे भिंतींएवढे पातळ थर चारही बाजूंनी गमावले जातात. मिळकत तळाच्या क्षेत्रफळाएवढी, तोटा चार भिंतींच्या एकूण क्षेत्रफळाएवढा. घनफळाचा डेरिव्हेटिव्ह म्हणजे तळाच्या क्षेत्रफळातून भिंतींचं क्षेत्रफळ वजा केलं की उरतं तेच. तो शून्य होतो तेव्हा तळ आणि भिंती यांचं क्षेत्रफळ सारखं झालेलं असतं.

आकडे घालून पाहू. क्ष ४ असताना तळ ५९२ चौ. सेंमी आणि भिंती मिळून ४२४. मिळकत तोट्याहून जास्त, म्हणून पुढे जाण्यात फायदा. क्ष ६ झाला की तळ ३९६, भिंती ५४०. आता तोटाच जास्त, म्हणजे आपण पुढे निघून गेलो. क्ष ५ असताना तळ ३५ × १४ म्हणजे ४९०, आणि भिंती दोन १७५ च्या व दोन ७० च्या, म्हणजे ४९०. चढण संपली आणि उतार सुरू व्हायचा आहे ती हीच जागा, म्हणून इथे दुसरा डेरिव्हेटिव्ह काढण्याचीही गरज उरत नाही. पेपर तपासताना मी हीच ताळ्याची रीत वापरते. तळ आणि भिंती जुळल्या नाहीत की समीकरणात कुठेतरी चूक आहे हे लगेच कळतं.

हा नियम पत्र्याच्या मापावर अवलंबून नाही. पत्रा चौरस असेल तर चौरसाची बाजू पत्र्याच्या बाजूच्या एक षष्ठांश येते. रुंदी तीच ठेवून पत्रा लांब लांब करत नेला तर ती रुंदीच्या एक चतुर्थांशाकडे सरकते. कुठलाही आयताकार पत्रा घ्या, उत्तर रुंदीच्या सहाव्या आणि चौथ्या हिश्श्याच्या मधेच सापडतं. आपल्या पत्र्यासाठी ते ४ आणि ६ च्या मधे आहे. खूप लांब पत्र्याचा डबा म्हणजे जवळजवळ पागोळ्यांखाली लावायची काटकोनी पन्हळच. तिची दोन टोकं सोडून दिली तर निम्मी रुंदी तळाला आणि पाव-पाव दोन्ही भिंतींना. तळ आणि भिंती तिथेही सारख्याच.

घरी करून बघायला ए-फोर कागद चांगला. तो २१० × २९७ मिमीचा असतो आणि उत्तर येतं सुमारे ४०.४ मिमी. चार सेंमीवर दुमडून कोपरे चिकटवले की ११२८ घन सेंमीचा, म्हणजे लिटरभराहून मोठा डबा होतो. तांदूळ भरून मोजलात तर मात्र कागदाच्या भिंती बाहेर फुगतात आणि माप जास्त येतं, म्हणून जाड कार्डशीट बरी. ०.४ मिमी सोडून दिल्याने काही बिघडत नाही, कारण शिखराजवळ आलेख जवळजवळ सपाट असतो. ४५ × २४ च्या पत्र्यातही कापताना अर्धा सेंमी चुकलं तरी घनफळ २४५० वरून २४३० च्या आसपास येतं, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी घट.

ही बरोबरी टिकते ती एका अटीवर: कापलेले चौरस वाया जातात. आपल्या १०८० चौ. सेंमी पत्र्यातले १०० चौ. सेंमी असे जातात. तेवढाच पत्रा तुकडे करून हवा तसा जोडायची मुभा असेल तर सर्वांत मोठा डबा चौरस तळाचा होतो, सुमारे १९ सेंमी बाजूचा आणि साडेनऊ सेंमी उंच. त्यात ३४१५ घन सेंमी मावतं आणि त्याच्या भिंती तळाच्या दुप्पट असतात. म्हणून डब्याचं गणित हाती आलं की मी आधी विचारते, कोपऱ्यांचं काय करायचं ठरलंय? टाकून द्यायचे असतील तर भिंती तळाएवढ्या, वापरायचे असतील तर दुप्पट.