पुण्यस्मरणाच्या छायाचित्राखाली

अमरावती

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

आबांच्या प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात अकोल्याच्या दैनिकात द्यावयाची असून छायाचित्राखालच्या ओळी आबांनाच उद्देशून लिहाव्यात, असे घरात ठरल्याचे कळले. त्या लेखनात कोठे चुकते हे आधी ध्यानात यावे, म्हणून हे पत्र.

पुण्यस्मरण म्हणजे मृत्यूच्या तिथीस किंवा तारखेस दरवर्षी केलेले स्मरण. दैनिकातील जागा अनेकदा कॉलम सेंटीमीटरने, म्हणजे रुंदीचे कॉलम आणि उंचीचे सेंटीमीटर यांच्या गुणाकाराने मोजतात; त्यामुळे दोन कॉलम रुंद व १० सेंटीमीटर उंच जाहिरातीचे २० कॉलम सेंटीमीटर धरले जातात, आणि छायाचित्र, तारखा व शोकाकुलांची नावे बसल्यावर संबोधनाच्या मजकुरास जेमतेम २५-३० शब्द उरतात.

अशा मजकुराची मुख्य अडचण ही की, तो बोलतो एकाशी आणि वाचतात दुसरेच. ‘आबा, तुमचा जन्म वरूडला झाला, तुम्ही संत्र्याची बाग उभी केली’ हे वाक्य वाचकास उपयोगी असले, तरी जे आबांस ठाऊकच होते तेच त्यांना सांगितल्यामुळे ते कृत्रिम होते. म्हणून नाव, गाव व तारखा ‘कै.’ या उपपदासह तृतीयपुरुषी स्वतंत्र ओळींत द्याव्यात आणि संबोधनात फक्त आबा गेल्यानंतर घडलेले, त्यांना कळवण्याजोगे असे लिहावे. उदाहरणार्थ: ‘आबा, तुम्ही शेवटी लावलेल्या संत्र्याला यंदा पहिला आंबिया बहार आला. खालच्या विहिरीचे पाणी मार्चपर्यंत पुरले. धाकटी मोटारसायकल शिकली. तुम्ही नको म्हणत होता.’ हिवाळ्याच्या अखेरीस फुलणाऱ्या बहारास आंबिया म्हणतात, हे वऱ्हाडातल्या वाचकास सांगावे लागत नाही. आणि आबांचा स्वभाव, एकही विशेषण न वापरता, शेवटच्या वाक्यात उतरतो.

दुसरी अडचण सह्यांची असते. खाली मुले, सुना, जावई व नातवंडे अशी सर्वांची नावे असताना वर ‘बाबा’ लिहिले, तर ती हाक नातवंडांची राहत नाही. म्हणून सर्व घर ज्या नावाने हाक मारी तेच संबोधन घ्यावे, किंवा मजकुराखाली एकाचेच नाव घालून इतरांची यादी वेगळी द्यावी. सर्वनामही घरातलेच हवे: वडिलांना ‘तुम्ही’ आणि आईला ‘तू’ म्हणणाऱ्या घराने छापताना आईस ‘आपण’ केले, तर मजकूर मानपत्रासारखा वाटतो.

दैनिकाकडून मुद्रित आले की ‘तुम्ही’ व ‘त्यांनी’ एकाच परिच्छेदात मिसळले नाहीत ना, एवढे मोठ्याने वाचून पाहावे. कानास ही चूक डोळ्यांआधी कळते.

कळावे, हे आशीर्वाद.