‘कल’ म्हणजे कधी?

सौ. वहिनींस,

मंगळवारी सोसायटीच्या ग्रुपवर मी सगळ्यांसमोर बोललो, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागतो.

तुम्ही सोमवारी रात्री काढलेला नोटिशीचा फोटो मला कुंडमला मंगळवारी सकाळी मिळाला. इथे हिरण नदी उगम पावते, पण फोनची रेंज मात्र अधूनमधूनच उगवते. नोटिशीत लिहिलं होतं, ‘टंकी की मरम्मत के कारण कल सुबह 10 बजे से जलप्रदाय बंद रहेगा.’ मी ‘कल’ म्हणजे बुधवार धरला आणि आईला फोन करून सांगितलं, उद्या सकाळी भरून ठेव. दहाला नळ कोरडा झाला. मग मी ग्रुपवर लिहिलं, ‘उद्याचं सांगून आजच बंद?’

दुपारी फोटो मोठा करून पाहिला. वरच्या कोपऱ्यात, ट्यूबलाइटच्या चकाकीखाली, सोमवारची तारीख होती. हिंदीतला ‘कल’ तसाही दोन्हीकडे वळतो. तारखेशिवाय त्याला अर्थच नाही. चूक माझी. तरीही तुम्ही आईला दोन बादल्या आणून दिल्यात. पाण्याची गरज माणशी दिवसाला 135 लिटर धरतात, म्हणजे वीस लिटरच्या जवळजवळ सात बादल्या. टँकरवरून तेवढ्या दोन मजले चढवणं आईला झेपणारं नव्हतं, म्हणून ती मावशीकडे गेली.

आता नोटिशीचा खालचा भागही नीट वाचला. गळणारा सांधा फोडून, भरून, वर वॉटरप्रूफ गिलावा करणार आहेत. तो ओला ठेवून मुरवायला काही दिवस जातील. रविवारी टाकी भरतील. नवा गिलावा आधी थोडं पाणी पितो, म्हणून तो भिजू देऊन मग पातळीवर खूण करायची आणि चोवीस तासांनी पाहायचं. खूण जागेवर राहिली तर सोमवारी संध्याकाळी पाणी येईल. उतरली तर काम पुन्हा. म्हणून सोमवार पक्का धरू नका.

एक विनंती आहे. कोरडा नळ आईने तपासायला उघडला असणार, आणि तो तसाच राहिला असेल तर पाणी आल्यावर खालच्यांच्या छतातून उतरेल. चावी तुमच्याकडे आहेच. स्वयंपाकघरातला, न्हाणीतला आणि बाल्कनीतला नळ बंद आहे का, एवढं पाहाल? गीझरचा स्विचही बंद करा. पाणी आलं की पहिलं गढूळ, सिमेंटचं येईल. ते संडासात ओता, पिण्यासाठी भरू नका. नळ हवा सोडत फुसफुसेल, तो थांबेपर्यंत थोडाच उघडा ठेवा. गरम पाण्याच्या नळाला सलग धार लागली की मगच गीझर लावायचा, पण ते मी त्यानंतरच्या शनिवारी आल्यावर करीन.

आणि सेक्रेटरींना माझ्या वतीने सांगा, पुढच्या नोटिशीत ‘कल’ नको, वार आणि तारीख लिहा.

आपला,
समोरच्या दारातला शेजारी