रुळांची पद्ये

१२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपरच्या पुढची लोकल उरणपर्यंत आली. त्याच दिवशी अटल सेतूचेही उद्घाटन झाल्यामुळे वर्तमानपत्रांनी सेतूची छायाचित्रे मोठी छापली आणि आपल्या गाडीला कोपऱ्यातली जागा मिळाली. उरणकरांच्या दृष्टीने मात्र गाडी हीच मोठी घटना होती. मोरा बंदरावरून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच आणि एसटी, या दोहोंवर आपल्या कितीतरी पिढ्यांचा मुंबईचा प्रवास झाला. स्मरणिका वाचणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण सुट्टीनंतर लाँचनेच परत येत, हे त्यांना आठवत असेल.

रेल्वे उरणला अगदीच अनोळखी होती असे नाही. जवाहरलाल नेहरू बंदराचे कंटेनर वाहून नेणाऱ्या मालगाड्या या भागात वर्षानुवर्षे धावत आहेत. पण त्या गाड्यांनी आमच्या मुलांना गाडीविषयी एक ठरावीक समजूत करून दिली. गाडी म्हणजे लांबलचक, दुरून धडधडत येणारी आणि बंदराजवळ येता येता रेंगाळणारी वस्तू. लोकल तशी नाही. विजेवर चालत असल्यामुळे तिचा आवाज समोरच्या बाजूने फारच कमी येतो, आणि खाजणावरून वारा वाहत असेल तर तोही विरून जातो. त्यातच आपल्या मार्गावर दोन गाड्यांच्या मध्ये बराच मोकळा वेळ असतो. कुर्ल्याच्या मुलाला रूळ कधी रिकामे दिसतच नाहीत, आमच्या मुलांना ते बहुतेक वेळ रिकामेच दिसतात. रिकामा रूळ मैदानासारखा वाटू लागतो, आणि मला काळजी वाटते ती याचीच.

म्हणून गाडी सुरू झाल्यानंतरच्या पावसाळ्यात मी सहावीच्या वर्गाला लहान मुलांसाठी रेल्वेविषयी सावधगिरीची पद्ये रचायला सांगितले. आपल्या शाळेत मुले रोज गाथा म्हणतात, त्यामुळे छंद त्यांच्या कानात मुरलेला असतो. बुद्धवचन शतकानुशतके पाठांतरावर टिकले आणि ते लिहून काढले गेले पुष्कळ नंतर, हे मी इतिहासाच्या तासाला सांगतोच. बावीस मुलांनी पद्ये आणली. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या पद्यांचा आशय एकच होता:

इकडे पाहा, तिकडे पाहा,
गाडी नाही? पलीकडे जा!

यात मुलांचा दोष नाही. रस्ता ओलांडण्याचे जे आपण बालवाडीपासून शिकवतो, तेच त्यांनी रुळावर नेऊन ठेवले. मोठ्यांनी लिहिलेल्या फलकांवरही मी हेच पाहिले आहे. पण रस्त्यासाठी शहाणपणाचे असलेले हे पद्य रुळावर घातक ठरते, कारण ते रूळ ओलांडायला शिकवते. रस्त्यावरचा चालक करकचून ब्रेक मारतो, बाजूला वळवतो. लोकलच्या मोटरमनला वळणे शक्य नसते, आणि वेगात असलेली लोकल थांबायला कित्येकशे मीटर लागतात. मालगाडीला त्याहूनही जास्त. म्हणजे मूल त्याला दिसते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. फाटक असेल तेथे फाटक उघडल्यावर, आणि इतरत्र पुलावरून किंवा भुयारी मार्गाने, एवढेच काय ते ओलांडणे. रुळांवरून पायी जाणे हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हाही आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी त्याची शिक्षा आहे. पण आठ वर्षांच्या मुलाला कलम सांगून उपयोग नसतो.

मग प्रश्न उरला तो ‘पाहा’ या शब्दाचा. पाहिले तरी काय बिघडते, असे एका मुलीने विचारले. प्रश्न योग्य होता. उत्तर असे की रुळावर आपला डोळा आपल्याला फसवतो. मोठी वस्तू समोरून येत असली की तिचा वेग आहे त्याहून कमी भासतो. विमान उतरताना हळू तरंगत येते असे वाटते, तसेच. याच फसगतीवर मुंबईत एक लक्षणीय प्रयोग झाला आहे. २०१० च्या सुमारास फायनल माइल या सल्लागार संस्थेने मध्य रेल्वेबरोबर वडाळ्याजवळ, म्हणजे हार्बर मार्गावर, तो केला. त्यांनी ‘ओलांडू नका’ असे नवे फलक लावले नाहीत. ठरावीक अंतरावरचे स्लीपर पिवळे रंगवले. गाडी एकामागून एक पिवळे पट्टे गिळत येताना दिसली की पाहणाऱ्याला तिच्या वेगाचा अंदाज येतो. एका लांब शिट्टीऐवजी दोन तुटक शिट्ट्या वाजवायला सांगितले, कारण मधल्या शांततेने माणूस दचकून भानावर येतो. आणि गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरची भीती दाखवणारी छायाचित्रे लावली. तेथले मृत्यू कमी झाल्याचे वृत्त तेव्हा आले होते. माझ्या दृष्टीने त्यातला धडा असा की नियम माहीत नसल्यामुळे माणसे मरत नव्हती. अंदाज चुकल्यामुळे मरत होती. तेव्हा मुलांच्या पद्यात हा चुकणारा अंदाज आला पाहिजे. वर्गाने पुष्कळ खटपट करून हे केले:

गेली गाडी, आली गाडी,
एकीमागे लपे दुसरी;
कान फसतो, डोळा फसतो,
पुलाची वाट मात्र खरी.

दुसऱ्या ओळीवर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. रूळ दोन असतात. समोरची गाडी निघून गेली की मूल धावत सुटते, आणि त्या गाडीच्या आडून विरुद्ध दिशेची गाडी येत असते. पहिलीच्या आवाजात दुसरीचा आवाज मिसळून जातो. वर्गात आम्ही हे बाकांची दोन रांगांत मांडणी करून दाखवले. एक रांग सरकून गेली, पाठोपाठ दुसरी उलट बाजूने आली, आणि मधोमध उभा राहिलेला मुलगा सगळ्यांना दिसला. पद्य पाठ असलेली मुले त्यानंतर ते वेगळ्या आवाजात म्हणू लागली.

दुसरे पद्य मोजपट्टीतून निघाले. आपल्या दोन रुळांमधले अंतर १ मीटर ६७ सेंटिमीटर. मुंबईच्या लोकलचा डबा मात्र ३ मीटर ६६ सेंटिमीटर रुंद. म्हणजे डबा प्रत्येक बाजूला रुळाच्या जवळजवळ एक मीटर बाहेर येतो. रुळाच्या बाहेर उभा आहे म्हणजे मी सुरक्षित आहे, असे मुलाला प्रामाणिकपणे वाटते. आम्ही शाळेच्या पटांगणात चुन्याने रूळ आखले, मग डब्याची रेघ आखली. रुळाला चिकटून उभी राहिलेली सगळी मुले डब्याच्या आत आली.

रूळ अरुंद, डबा रुंद,
दोन्ही बाजूंस दोन हात;
खडीवरती पाय नको,
खडीसुद्धा धर रुळात.

फलाटाचे पद्य मला सर्वांत आवश्यक वाटते, कारण आपली मुले रूळ ओलांडण्यापेक्षा फलाटावर खेळण्याचा संभव अधिक. नवी स्थानके ऐसपैस आहेत, गर्दी बेताची, फरशी गुळगुळीत. मुलांनी आधी ‘फलाटावर खेळू नका’ असेच लिहिले होते. मी त्यांना विचारले, धाकटा भाऊ खेळलाच आणि चेंडू खाली पडला, तर पद्य त्याला काय सांगते? पद्याजवळ उत्तर नव्हते. नुसत्या ‘नको’चा हा तोटा आहे: तो मोडला गेला की पुढच्या क्षणी मूल एकटे पडते. आणि नेमक्या त्याच क्षणी ते खाली उडी मारते. लोकलचा फलाट ८४ सेंटिमीटर किंवा त्याहून उंच असतो. आठ वर्षांच्या मुलाला तेवढी उडी सहज जमते, पण परत चढताना कड त्याच्या छातीशी येते आणि खाली पायाला आधार म्हणून निसटती खडी. उतरायला एक क्षण लागतो, चढायला किती लागेल ते सांगता येत नाही.

चेंडू गेला? जाऊ दे,
पाय फलाटी राहू दे;
रेल्वेवाल्या काकांना
हाक तुझी ऐकू दे.

पतंगाचेही एक पद्य झाले. लोकलच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो. त्या तारेला हात लावावा लागत नाही. फार जवळ गेले तरी वीज मधली हवा ओलांडून झेपावते. म्हणून थांबलेल्या डब्याच्या टपावर चढणे किंवा अडकलेला मांजा ओढणे जीवघेणे ठरते.

तारेवरती पतंग अडला,
मांजा तिथेच सोडून दे;
तार न शिवता वीज झेपते,
दुरूनच तू पाहून घे.

काही पालकांनी सुचवले की पद्यांत थोडे रक्त, थोडा अपघात असावा, म्हणजे मुले घाबरतील. मी ते मानले नाही. ब्रिटनमध्ये १९७७ साली ‘द फिनिशिंग लाइन’ नावाचा लघुपट शाळांतून दाखवला गेला. रुळांवर मुलांच्या क्रीडास्पर्धा भरल्या आहेत आणि प्रत्येक स्पर्धेत मुले दगावत आहेत, असे त्याचे स्वरूप होते. तो इतका भयंकर ठरला की दोन वर्षांत मागे घ्यावा लागला. घाबरलेले मूल रात्री झोपत नाही. दुपारी चेंडू खाली पडल्यावर ते काय करील, याची भीती काही खात्री देत नाही.

पद्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. जेथे पूल दूर आहे आणि जुनी पायवाट रुळांनी तोडली आहे, तेथे बाया-बापे रूळच ओलांडणार, आणि मूल पद्यापेक्षा आईचा पदर धरणार. २०१२ साली डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने देशात रुळांवर दरवर्षी सुमारे पंधरा हजार माणसे मरतात आणि त्यांपैकी सहा हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, असे नोंदवले होते. आज मुंबईचा आकडा बराच खाली आला आहे, तरी हजारांतच आहे. भिंत, पादचारी पूल आणि सरकता जिना यांची मागणी नागरिक म्हणून आपणच करायची. ते काम सहावीच्या मुलांवर ढकलता येणार नाही. म्हणून ही पद्ये आम्ही पालकसभेत मुलांकडून म्हणवून घेतो. एका आजोबांनी सभेनंतर मला बाजूला घेऊन सांगितले, “गुरुजी, नात आता मला पुलावरून नेते. गुडघे दुखतात, पण काय करणार!”

आठवी-नववीच्या मुलांना मी पद्य देत नाही. त्यांना ते बालिश वाटते, आणि त्यांच्या कानात इयरफोन असतात. त्यांच्यासाठी फळ्यावर गणित मांडतो. गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर धरा. म्हणजे सेकंदाला २० मीटर. दोन्ही रूळ आणि बाहेर येणारे डबे धरून ओलांडायचे अंतर सुमारे ९ मीटर. खडीवरून अडखळत सेकंदाला एक मीटर चाललात तर ९ सेकंद. तेवढ्यात गाडी किती अंतर येते? १८० मीटर, असे उत्तर वर्गातून येते. मग मी त्यांना पटांगणाच्या एका कडेला उभे करतो आणि १८० मीटर पावलांनी मोजून यायला पाठवतो.