पत्र्याची पेटी

आबा साखर कारखान्यात सीझनचे कामगार. रिटायर झाल्यावर पेन्शनचा अर्ज परत आला. नोकरी सातच वर्षं भरते, दहा लागतात. मधल्या चार सीझनचा फंड खात्यावर जमाच नव्हता.

"माझ्या पगारातनं तर कापलाय की!" आबा तडकले. कारखान्याचा क्लार्क म्हणाला, त्या सालांत तुमचं नाव हजेरीवरच नव्हतं.

आईनं कणगीमागची पत्र्याची पेटी ओढली. उंदरांनी कडा कुरतडलेल्या पगाराच्या चिठ्ठ्या निघाल्या. प्रत्येकीवर फंडाची बारा टक्के कपात.

फंड ऑफिसात 7-अ कलमाखाली चौकशी लागली. चिठ्ठ्यांच्या झेरॉक्सवर कुणी विश्वास ठेवील का, ही माझी धास्ती. पण साहेबांनी कारखान्याचंच पगारपत्रक मागवलं. त्यात, त्याच महिन्यांसमोर, आबांची वाकडी सही! क्लार्क खाली बघू लागला.

आदेश निघाला. कामगाराचा आणि मालकाचा, दोन्ही हिस्से व्याजासह भरा. पेन्शनचे पैसे मालकाच्याच हिश्शातनं जातात, हे आम्हाला तेव्हा कळलं. सीझन संपूर्ण वर्षात मोजतात, म्हणून अकरा भरली.

पेन्शन आली ती हजारावर थोडीशीच. चिठ्ठ्या मात्र आबांनी पुन्हा पेटीत ठेवल्या.