तक्त्यात नसलेले धुळे

रिग्रेशनच्या तक्त्यात संदर्भ गट शोधायला जाल तर सापडणार नाही. त्याची ओळ नसते, त्याच्यासमोर आकडा नसतो, चांदणीही नसते. तरी त्या तक्त्यातला प्रत्येक आकडा त्याच्याकडेच बोट दाखवत असतो. अशी असामी प्रत्यक्ष पाहायची तर खानदेशाएवढी सोयीची जागा नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या क्षेत्रात तीनच जिल्हे आहेत: जळगाव, धुळे आणि नंदुरबार. त्यामुळे इथल्या कापसावरच्या सर्वेक्षणात ‘जिल्हा’ नावाचा रकाना आला, की त्यात ही तीनच नावे असतात.

नावांची बेरीज-वजाबाकी होत नाही. म्हणून एका रकान्याचे दोन रकाने करतात. शेतकरी जळगावचा असेल तर पहिल्यात १, नाहीतर ०. नंदुरबारचा असेल तर दुसऱ्यात १, नाहीतर ०. हे डमी चल. धुळ्याला रकाना मिळत नाही, कारण त्याची गरज नसते: दोन्हीकडे शून्य असेल तो शेतकरी धुळ्याचाच. हट्टाने तिसरा रकाना केलाच, तर तिघांची बेरीज प्रत्येक ओळीत १ येते. म्हणजे समीकरणात स्थिरांकासाठी असलेला रकानाच पुन्हा घातल्यासारखे होते आणि उत्तर एकमेव राहत नाही. आर ही प्रणाली अशा वेळी शेवटच्या रकान्यापुढे गुपचूप `NA` लिहून मोकळी होते. डॅनियल सूट्स यांनी १९५७ साली अमेरिकी सांख्यिकी संघटनेच्या नियतकालिकात डमी चलांवर लेख लिहिला. एक गट वगळायचा ही रीत तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत रुळत गेली.

धुळ्यालाच का वगळले? ते कोणी ठरवलेले नसते. आर नावे अकारविल्हे लावते आणि पहिले नाव संदर्भ धरते. रोमन लिपीत Dhule हे Jalgaon आणि Nandurbar यांच्या आधी येते. तीच नावे देवनागरीत भरली, तर ‘ज’ हा ‘ध’च्या आधी, म्हणून जळगाव संदर्भ होते. एसएएसची सवय उलटी, ती शेवटचे नाव पकडते, मग मान नंदुरबारचा. शेतकरी तेच, कापूस तोच. कीबोर्ड बदलला की पडद्यामागचा माणूस बदलतो.

आता सोयीसाठी बनवलेले आकडे घेऊ. समजा एकरी सरासरी उत्पादन धुळ्यात ६ क्विंटल, जळगावात ८ आणि नंदुरबारमध्ये ५ आहे. समीकरणात फक्त जिल्हा असेल, तर तक्त्यात स्थिरांक ६ येईल. हीच धुळ्याची सरासरी, संदर्भ गटाची एकमेव सही, आणि तिच्यावर त्याचे नावही नसते. त्याखाली `zillaJalgaon` समोर २ आणि `zillaNandurbar` समोर उणे १. उणे १ म्हणजे नंदुरबारच्या शेतकऱ्याला तोटा झाला असे नव्हे. धुळ्यापेक्षा एक क्विंटल कमी, एवढेच. माझ्या ओळखीच्या शिरपूरच्या एका विद्यार्थ्याने पहिल्यांदा असा तक्ता पाहिला आणि अहिराणीत विचारले, “धुळं कथा गयं?” प्रश्न अगदी बरोबर होता. तो न विचारता पुढे जाणारेच जास्त.

संदर्भ बदलून जळगाव केला, तर स्थिरांक ८, धुळे उणे २ आणि नंदुरबार उणे ३. आकडे बदलले, चिन्हही बदलले, पण कोणत्याही शेतकऱ्याबद्दलचा अंदाज कणभरही हलला नाही. आर-वर्ग तोच, एफ चाचणीही तीच.

इथपर्यंत हा गृहस्थ निरुपद्रवी वाटतो. त्याचा खरा स्वभाव कळतो तो माणसे कमी पडल्यावर. समजा सर्वेक्षणात जळगावचे १०० आणि नंदुरबारचे १०० शेतकरी मिळाले, पण धुळ्याचे फक्त ९. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात उत्पादनाचे प्रमाण विचलन ३ क्विंटल धरू. दोन गटांच्या फरकाची प्रमाण चूक दोन्ही गटांतल्या माणसांच्या संख्येवर ठरते, आणि लहान गट तिला वर ओढतो. धुळे संदर्भ असेल तर जळगावच्या २ समोरची चूक जवळपास १.०४ येते. भागाकार १.९२, म्हणजे पाच टक्क्यांच्या रेषेला अगदी थोडक्यात हुकतो. नंदुरबारचा भागाकार तर एकाच्याही आत. दोन्ही ओळी चांदणीविना. आता अहवालात वाक्य येते: ‘जिल्ह्यानुसार उत्पादनात लक्षणीय फरक आढळला नाही.’

हे वाक्य साफ चूक आहे. जळगावला संदर्भ करा: नंदुरबारचा फरक उणे ३, त्याची प्रमाण चूक ०.४२, भागाकार उणे ७. फरक इतका ढळढळीत, की शंकेला जागा नाही. त्याच माहितीवर एफ चाचणीचे उत्तर पंचविसाच्या आसपास येते, आणि ते दोन्ही तक्त्यांच्या तळाशी सारखेच छापलेले असते. तेव्हा सगळ्या ओळी फिक्या आणि तळाची एफ ठणठणीत, असे दिसले की संदर्भ गटात किती माणसे आहेत ते आधी मोजावे. जळगाव आणि नंदुरबार यांच्यातल्या फरकाची चूक मात्र पहिल्या तक्त्यातल्या दोन चुकांवरून काढता येत नाही. दोन्ही आकड्यांत तेच नऊ धुळेकर बसलेले असल्यामुळे ते एकमेकांशी बांधलेले असतात. संदर्भ बदलून समीकरण पुन्हा चालवणे हा सोपा उपाय:

```r
d$zilla <- relevel(factor(d$zilla), ref = "Jalgaon")
summary(lm(utpanna ~ zilla, data = d))
```

या गृहस्थाची आणखी एक खोड खानदेशातच नीट कळते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या नोंदींत ‘धुळे’ म्हणजे शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, अक्राणी आणि नंदुरबारसकट धुळे. त्यानंतर उरले धुळे, साक्री, शिरपूर आणि शिंदखेडा. कोणी जुन्या-नव्या वर्षांची माहिती एकत्र करून धुळे संदर्भ ठेवले, तर मोजपट्टीच मधल्या काळात बदललेली असते. नंदुरबारचे उत्पादन वरच्यासारखे कमी असेल, तर जळगावचा आकडा खाली आलेला दिसेल, पण जळगावात काहीच घडलेले नसेल. इथे संदर्भ बदलूनही भागत नाही. तालुक्यांपर्यंत खाली उतरून जुन्या वर्षांतले नंदुरबारचे तालुके वेगळे काढावे लागतात.

समीकरणात सिंचनाचा रकाना आला, की पडद्यामागे एक नसतो, दोन असतात. कोरडवाहू हा तिथला संदर्भ असेल, तर स्थिरांक आता सगळ्या धुळ्याचा राहत नाही, तो धुळ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा अंदाज होतो. जुन्याच वाक्याने तो वाचणारे प्रबंध मी पाहिले आहेत.

निवडायचाच असेल तर संदर्भ म्हणून भरपूर माणसांचा, सीमा न बदललेला आणि ज्याच्याशी तुलना करण्यात वाचकाला रस आहे असा गट घ्यावा. ‘इतर’ नावाच्या गाठोड्याला तिथे बसवू नये; कशापेक्षा जास्त, कशापेक्षा कमी, हे मग कोणालाच सांगता येत नाही. आणि कोणालाही बसवा, तक्त्याखाली एक ओळ लिहा: संदर्भ कोणता, आणि त्यात शेतकरी किती.