जलसंजीवनी फक्त लहान मुलांसाठी नसते

जलसंजीवनीचा पाठ आपण सगळ्यांनीच कधी ना कधी घेतलाय. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मुलं हे पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. वर्गात मी चित्र काढायला सांगते तेव्हा प्रत्येक वहीत आजारी बाळ असतं, शेजारी पेला घेतलेली आई असते. आजारी बाबा मला अजून कुणाच्या वहीत दिसलेले नाहीत. आज लिहायचंय ते या बाबांबद्दल.

घराघरात एक समजूत असते, की जुलाबांनी जीव जातो तो तान्ह्या मुलाचा, मोठा माणूस सकाळपर्यंत कळ काढू शकतो. साध्या जुलाबात हे बहुतेक वेळा खरं ठरतं. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, ते अजिबात खरं नाही. साथ जाहीर झालेली नसताना कॉलऱ्याचा संशय कधी घ्यायचा, याचा आरोग्य खात्यातला जुना नियमच सांगतो की पाच वर्षांपुढचा माणूस नुसत्या पाण्यासारख्या जुलाबांनी फार कोरडा पडला तर ती पटकी समजावी. मोठा, धडधाकट माणूस काही तासांत गळून पडणं हीच या रोगाची ओळख आहे.

आणि हे फार जुनं नाही. जुलै २०२२ मध्ये आपल्याच राज्यात, मेळघाटात चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत विहिरीच्या दूषित पाण्यातून कॉलऱ्याची साथ आली आणि माणसं दगावली. आपला उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचा पट्टा म्हणजे मेळघाट नव्हे, इथे नळाला पाणी येतं, हे कबूल. पण नळ काही तासच चालतो. बाकीचा वेळ पाइप रिकामा असतो आणि शेजारच्या गटारातलं पाणी फुटक्या जोडातून आत शिरू शकतं. पावसाळ्यात पहिल्या धारेचं पाणी गढूळ आलं की त्यामागे हे कारण असू शकतं.

आता हे जुलाब कसे ओळखायचे ते पाहू. तांदूळ धुतल्यावर भांड्यात जे पांढुरकं पाणी उरतं, ज्याला आपण धुवण म्हणतो, तसंच दिसणारं पाणी पडतं. त्यात मळ जवळजवळ नसतो, पांढुरके कण तरंगतात, वास थोडा माशासारखा येतो. रक्त नसतं, ताप सहसा नसतो, पोटात मुरडाही फारसा नसतो. त्यामुळेच माणूस फसतो. ‘दुखत तर काही नाही,’ असं म्हणत तो पुन्हा पुन्हा संडासला जातो. मग उलट्या सुरू होतात आणि पोटऱ्यांत गोळे येतात. जास्त झालं तर तासाला एक लिटरपर्यंत पाणी अंगातून जाऊ शकतं.

असं का होतं हे मुलांना सांगताना मी दोन दारांचं उदाहरण देते. कॉलऱ्याचा जंतू आतड्याला खाऊन टाकत नाही. त्याचं विष आतड्याच्या अस्तरातलं एक दार उघडं ठेवतं, त्यातून शरीरातलं मीठ बाहेर वाहतं आणि मिठामागे पाणी जातं. दुसरं एक दार मात्र शाबूत राहतं. त्या दाराला साखर आणि मीठ सोबत आले तरच आत घ्यायची सवय असते, आणि त्यांच्या पाठोपाठ पाणीही आत येतं. म्हणून नुसतं पाणी प्यायलं तर फारसं टिकत नाही, पण साखर-मिठाचं पाणी जुलाब चालू असतानाही शोषलं जातं. जुलाब थांबायची वाट पाहायची गरज नाही. ओआरएसने जुलाब लगेच कमी होत नाहीत, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दोन पेल्यांनंतर ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करतात.

मोठ्या माणसावरही हे चालतं, हे १९७१ साली मोठ्या प्रमाणावर दिसलं. बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेची पुडकी बनवून घेतली, ते पाणी पिंपांत भरलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला लावलं. जिथे शंभरात तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते, तिथे हे प्रमाण चारच्याही खाली आलं. पाजणारे हात घरच्यांचे होते, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. उल्हासनगरही निर्वासितांच्या छावणीतूनच उभं राहिलं आणि आजही आपण पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतो, त्यामुळे हा प्रसंग मी इथल्या मुलांना आवर्जून सांगते.

आता आकडे मांडू. समजा अंबरनाथच्या एका चाळीत ६० किलो वजनाचे एक गृहस्थ आहेत. त्या भागात जुलाबांची साथ चालू आहे. रात्री अकराला त्यांना पहिला जुलाब झाला आणि एक वाजेपर्यंत सहा झाले, शेवटचे तीन धुवणासारखे. तहान खूप आहे, डोळे थोडे आत गेलेत, पण ते उठून बसतात, नीट बोलतात. या अवस्थेत दर किलोमागे ७५ मिली, म्हणजे त्यांना साडेचार लिटर ओआरएस पुढच्या चार तासांत लागेल. एक लिटरच्या साडेचार बाटल्या! आपल्याकडे दर अर्ध्या तासाने दोन घोट पाजतात, ते इथे कामाचं नाही. दर दहा-बारा मिनिटांनी एक पेला, २०० मिलीचा, असा वेग लागतो. शिवाय नवीन जुलाब झाला की त्यासाठी आणखी एक-दोन पेले. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि परत सुरू करायचं, घोट लहान ठेवायचे. उलटीतून दिसतं तेवढं सगळं वाया गेलेलं नसतं.

पाकिटाचं नीट पाहा. मोठं, साधारण २१ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं आणि चार ग्रॅमच्या आसपासचं छोटं एका पेल्यासाठी, म्हणजे २०० मिलीसाठी. मोठं पाकीट एका पेल्यात ढवळून दिलं तर ते इतकं खारट आणि दाट होतं की फायद्याऐवजी अपाय होतो. टेट्रापॅकमधली फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस नाहीत. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. घरात पाकीट नसेल तर पाठातली जलसंजीवनी लगेच सुरू करा आणि कुणाला तरी मेडिकलमध्ये पाठवा. पाणी उकळलेलंच हवं, कारण साथ त्या पाण्यातूनच आली असू शकते. तेवढा वेळ नसेल तर सीलबंद बाटलीचं घ्या. तयार ओआरएस २४ तासांनंतर फेकून द्यायचं.

मागच्या पालकसभेत एका आईने विचारलं, ‘मॅडम, आमच्या ह्यांना शुगर आहे, साखरेचं पाणी कसं द्यायचं?’ प्रश्न रास्त आहे. पण एक लिटर ओआरएसमध्ये जेमतेम साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. अशा वेळी अंगातलं पाणी जाणं हा साखरेपेक्षा मोठा धोका आहे. मधुमेह, किडनी किंवा हृदयाचा आजार, गरोदरपण किंवा म्हातारपण असेल तर पाजणं सुरू करून दवाखान्यात मात्र इतरांपेक्षा आधी निघा. आणि जुलाब बांधायची गोळी देऊ नका. तिने पाणी जायचं थांबत नाही, ते आतड्यात साठतं एवढंच.

आता त्याच गृहस्थांचं दुसरं चित्र. पहाटेचे तीन वाजलेत. पाजणं चालू आहे, पण बाहेर जातंय ते जास्त. आवाज खोल गेलाय. बोटांची टोकं खूप वेळ धुणं धुतल्यासारखी सुरकुतली आहेत. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर दोन सेकंदांत जागेवर येत नाही. रात्रीपासून लघवी नाही, मनगटाची नाडी सापडत नाही, हाक मारली तर गुंगीतून ‘हं’ येतं. यातलं सगळं दिसेपर्यंत थांबायचं नाही. उठवत नाही, पिववत नाही, उलट्या थांबत नाहीत किंवा लघवी बंद आहे, यातलं एक दिसलं तरी निघायचं. घराजवळच्या क्लिनिकमध्ये ‘एक सलाईन लावून बघू’ म्हणून थांबू नका. अशा रुग्णाला दर किलोमागे १०० मिली, म्हणजे साठ किलोला सहा लिटर सलाईन तीन तासांत लागतं आणि त्यातलं जवळपास १.८ लिटर पहिल्या अर्ध्या तासात. एक बाटली ५०० मिलीची असते. वजाबाकी तुम्हीच करा. शिवाय लागतं ते रिंगर लॅक्टेट, ज्याला दवाखान्यात आर. एल. म्हणतात. नुसत्या ग्लुकोजच्या बाटलीने गेलेलं मीठ भरून निघत नाही.

म्हणून सरळ मोठ्या रुग्णालयात जा. उल्हासनगरला कॅम्प ३ मधलं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथला छाया रुग्णालय, बदलापूरला ग्रामीण रुग्णालय आहे. १०८ ला फोन करा, पण शेजारी रिक्षा उभी असेल आणि ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार असेल तर रिक्षाने निघा. सोबत तयार ओआरएसची बाटली, एक बादली आणि प्लास्टिकचा कागद घ्या. माणूस जागा असेल, गिळत असेल तर वाटेतही पाजत राहा. गुंगीत असेल तर तोंडात काही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. त्याला कुशीवर आडवं ठेवा. पोचल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा, ‘साथीच्या भागातून आलोय, तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, अकरापासून इतके, लघवी इतक्या वाजता झाली.’ यासाठी जुलाबाच्या वेळा घरी कागदावर लिहीत राहा, घरातलं शाळकरी मूल हे काम उत्तम करतं. अँटिबायोटिक द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. पाण्यानंतरच त्याचा नंबर लागतो.

आपल्या भागात रस्तेच बंद होण्याची शक्यता धरून चालावं लागतं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, प्रवाशांना बोटीने काढावं लागलं. अशा रात्री घरातल्या पाकिटांवरच भिस्त. म्हणून जूनमध्ये दप्तर-रेनकोटच्या खरेदीबरोबर मोठी दहा पाकिटं आणून ठेवा. साडेचार लिटरला पाच लागतात, उरलेली पाच पुढच्या जुलाबांसाठी किंवा घरातल्या दुसऱ्या रुग्णासाठी.

बरा होतोय हे कशावरून ओळखायचं? जुलाब अजून चालूच असतील, ते दोन-तीन दिवसही चालतात. पण नाडी भरून येते, आवाज परत येतो आणि लघवी होते. लघवी झाली की वेळ लिहा. जेवण बंद ठेवायचं नाही, मऊ भात, खिचडी, केळं, जे मागेल ते द्या. त्याचा संडास आणि बादली ब्लीचिंग पावडरने धुवा, पाजणाऱ्याने दर वेळी साबणाने हात धुवावेत, आणि एकाच नळावरच्या दोन घरांत असा रुग्ण दिसला तर त्याच दिवशी नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा.